मुक्त क्रमनिरपेक्ष गटाचा उपगट मुक्तच असतो : आलेखकागदावर जालक मांडून केलेल्या कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक सोडवलेले टिपण तयार करायचे आहे. प्रमेय असे : सान्त रँक n असलेल्या मुक्त क्रमनिरपेक्ष गटाचा कोणताही उपगट मुक्तच असतो आणि त्याची रँक n पेक्षा जास्त नसते. वर्गात याची सिद्धता बहुधा अर्ध्या फळ्यात संपते, विद्यार्थी ती उतरवून घेतात, आणि नंतर प्रत्यक्ष एखादा उपगट हातात देऊन त्याचा आधार विचारला की बहुतेकांचे काम तिथेच अडते. म्हणून हे टिपण उलट्या दिशेने करायचे ठरवले आहे. आधी एक खरा उपगट घ्यायचा, त्याचा आधार हाताने काढायचा, सुचतील त्या साध्या रीती वापरून त्या कुठे मोडतात ते पाहायचे, आणि जी रीत टिकेल तिच्यातूनच सिद्धता लिहायची. हेच काम दुसऱ्या कोणाला करायचे असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवत आहे.

मुक्त म्हणजे काय ते येथे एकदाच लिहितो. गटात e₁, e₂, …, eₙ असे घटक असावेत की प्रत्येक घटक त्यांच्या पूर्णांक पटींची बेरीज म्हणून लिहिता यावा, आणि तोही एकाच प्रकारे. अशा घटकांच्या संचाला आधार म्हणायचे, आणि आधारातल्या घटकांच्या संख्येला रँक. प्रत्येक घटकाला n पूर्णांक निर्देशक मिळतात, म्हणून असा गट म्हणजे Zⁿ असेच समजून काम करता येते. Z² आलेखकागदावर सरळ दिसतो, कारण रेघांचे सगळे छेदनबिंदू म्हणजेच Z².

पहिले उदाहरण Z² मधलेच घेतले आहे. (६, २), (१०, ५) आणि (१५, ०) या तीन सदिशांनी निर्माण होणारा उपगट L, म्हणजे या तिघांच्या सर्व पूर्णांक पटींच्या सर्व बेरजा. पहिले निर्देशक ६, १०, १५ मुद्दाम निवडले आहेत. तिघांचा मसावि १ आहे, पण कोणत्याही दोघांचा मसावि १ नाही. पुढच्या नोंदीतली सारी अडचण यातूनच निर्माण होते.

५ ऑगस्ट

पहिली रीत : जास्तीचा सदिश काढून टाकणे. रेषीय बीजगणित शिकलेल्या कोणालाही प्रथम हेच सुचते. प्रतलात तीन सदिश असतील तर ते परस्परावलंबी असणारच, तेव्हा एक वगळला की उरलेले दोन आधार होतील, असा हा विचार आहे. परिमेय किंवा वास्तव गुणक चालत असते तर तो बरोबरही ठरला असता.

येथे तो तिन्ही प्रकारे फसतो, आणि फसण्याचे कारण प्रत्येक वेळी पहिल्या निर्देशकातच सापडते. (१५, ०) वगळला तर उरलेल्या दोघांच्या कोणत्याही बेरजेचा पहिला निर्देशक सम येतो, त्यामुळे (१५, ०) स्वतःच हाती लागत नाही. (१०, ५) वगळला तर पहिला निर्देशक नेहमी ३ च्या पटीत राहतो आणि १० मिळत नाही. (६, २) वगळला तर तो ५ च्या पटीत राहतो आणि ६ मिळत नाही. म्हणजे तिन्ही सदिश आवश्यक आहेत, आणि तरीही तिघे मिळून आधार होत नाहीत.

ते आधार का होत नाहीत हे पाहण्यासाठी तिघांमधला संबंध शोधला. पूर्णांक a, b, c घेऊन a(६, २) + b(१०, ५) + c(१५, ०) = (०, ०) मांडले की दुसऱ्या निर्देशकावरून २a + ५b = ० मिळते. म्हणून a = ५t, b = −२t. पहिल्या निर्देशकावरून १०t + १५c = ०, म्हणजे t ही ३ ची पट. सर्वांत लहान संबंध असा येतो :

१५·(६, २) − ६·(१०, ५) − २·(१५, ०) = (०, ०)

बाकीचे सर्व संबंध याच्याच पटी आहेत. टिपणात हा संबंध चौकटीत टाकायचा आहे, कारण जनक सदिश वगळता येतो की नाही याचे उत्तर त्याच्या गुणकांत लिहिलेले असते. एखादा सदिश उरलेल्यांच्या पूर्णांक पटींनी लिहायचा तर संबंधात त्याचा गुणक +१ किंवा −१ असावा लागतो. येथे गुणक १५, −६ आणि −२ आहेत. सदिश अवकाशात शून्येतर गुणकाने भागून मोकळे होता येते, पूर्णांकांत भागाकाराची ती सोय नाही. निवड करून आधार मिळत नसेल, तर तो नव्याने घडवावा लागणार.

७ ऑगस्ट

दुसरी रीत : नेहमीचे पंक्तिलोपन. तीन सदिश तीन पंक्तींत लिहून पहिल्या स्तंभात एकच शून्येतर संख्या ठेवायची. यात बराच वेळ गेला, पण बिघाड दोन्ही बाजूंनी कसा होतो हे त्यातून स्पष्ट झाले.

भागाकार करून लोपन केले, तर (६, २) चे (१, १/३) होते. त्याची दहापट (१०, ५) मधून वजा केली की (०, ५/३) उरते, त्याला ५/३ ने भागले की (०, १) येते, आणि शेवटी हाती (१, ०) व (०, १) लागतात. हा तर सगळ्या Z² चा आधार झाला. (१, ०) हा सदिश L मध्ये नाही. तिन्ही जनक सदिशांसाठी y − २x ला ५ ने भाग जातो, म्हणून त्यांच्या प्रत्येक बेरजेसाठीही जातो, आणि (१, ०) साठी ही किंमत −२ आहे.

अपूर्णांक टाळण्यासाठी भागाकाराऐवजी गुणाकार केला, म्हणजे दुसऱ्या पंक्तीच्या जागी तिची सहापट वजा पहिलीची दहापट असे लिहिले, तर (०, १०) येते. तिसऱ्या पंक्तीची सहापट घेऊन त्यातून पहिलीची पंधरापट वजा केली की (०, −३०) येते, आणि ती (०, १०) चीच पट आहे. हाती उरतात (६, २) आणि (०, १०). हे दोन्ही सदिश L मध्ये आहेत, पण त्यांच्यापासून मिळणारे जालक फारच विरळ आहे. त्यांचा निश्चयक ६० येतो, L चा निश्चयक ५ आहे हे पुढे दिसेलच, म्हणजे L च्या दर १२ बिंदूंपैकी एकच बिंदू या जालकात येतो.

भागले की जालक दाट होते, गुणले की विरळ होते. तेव्हा कोणती कृती चालेल याची कसोटी एकच : ती कृती पूर्णांकांतच उलट करता आली पाहिजे. या कसोटीला तीन कृती उतरतात. दोन पंक्तींची अदलाबदल करणे, एखाद्या पंक्तीचे चिन्ह बदलणे, आणि एका पंक्तीत दुसरीची पूर्णांक पट मिळवणे. या तिन्हींनी निर्माण होणारा उपगट तसूभरही बदलत नाही. एखादी पंक्ती २ ने गुणणे ही कृती मात्र चालत नाही, कारण ती उलटवण्यासाठी १/२ लागतो.

८ ऑगस्ट

तिसरी रीत : फक्त वजाबाकी, आणि तीही युक्लिडच्या मसावि काढण्याच्या पद्धतीने. पहिल्या निर्देशकांकडे पाहून मोठ्यातून लहान वजा करत जायचे आणि दुसऱ्या निर्देशकाला आपोआप बदलू द्यायचे. आर्यभटापासून चालत आलेल्या कुट्टकातही असाच परस्पर भागाकार आहे. येथे फरक एवढाच, की संख्यांच्या जागी संपूर्ण सदिश चालतात.

(१०, ५) − (६, २) = (४, ३)
(६, २) − (४, ३) = (२, −१)
(४, ३) − २(२, −१) = (०, ५)
(१५, ०) − ७(२, −१) = (१, ७)
(२, −१) − २(१, ७) = (०, −१५)

आता (१, ७), (०, ५) आणि (०, −१५) उरले आहेत. शेवटचा दुसऱ्याच्या −३ पट आहे, त्यात दुसऱ्याची तिप्पट मिळवली की (०, ०) होतो. शून्य पंक्ती वगळायला कसलीही हरकत नाही. L चा आधार मिळाला : (१, ७) आणि (०, ५). पहिल्यातून दुसरा वजा करून तो (१, २) आणि (०, ५) असा नीटनेटका करता येतो.

पडताळा दोन प्रकारे घेतला. या आधाराचा निश्चयक ५ आहे. मूळ तीन सदिशांपैकी दोन-दोन घेऊन काढलेले निश्चयक चिन्ह सोडून १०, ३० आणि ७५ येतात, आणि त्यांचा मसावि ५ आहे. वर सांगितलेल्या तिन्ही कृतींनी हा मसावि बदलत नाही, म्हणून दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. न जुळले तर कुठेतरी चुकीची कृती शिरली आहे असे लगेच समजते. ७ तारखेच्या दोन्ही प्रयत्नांवर ही तपासणी लावून पाहिली, तर तेथे १ आणि ६० आले असते आणि बिघाड पहिल्याच मिनिटाला कळला असता.

दुसरा पडताळा आलेखकागदावर घेतला. x आणि y दोन्ही ० ते ९ घेतले की १०० छेदनबिंदू होतात. त्यांपैकी y − २x ला ५ ने भाग जाणारे बिंदू पेन्सिलने ठसठशीत केले. प्रत्येक उभ्या रेघेवर दोन, असे एकूण २० बिंदू भरले, म्हणजे बरोबर पाचातला एक. कागद थोडा लांब धरला की हे बिंदू तिरक्या चौरसांच्या कोपऱ्यांवर बसलेले दिसतात. (१, २) आणि (२, −१) हे दोन सदिश एकमेकांना लंब आहेत, दोघांची लांबी √५ आहे, आणि (०, ५) = २(१, २) − (२, −१) असल्यामुळे हे दोघेही L चा आधारच आहेत. (६, २), (१०, ५), (१५, ०) या आकड्यांकडे पाहून त्यांच्यामागे असा सुबक तिरका चौरस दडलेला असेल असे वाटत नाही. टिपणाच्या पहिल्या पानावर हीच आकृती द्यायची आहे.

१० ऑगस्ट

ही आकृती पाहून एक मोह होतो, आणि तो विद्यार्थ्यांनाही होणार. चौरसाच्या बाजू म्हणजे L मधले सर्वांत लहान सदिश. मग युक्लिडची वजाबाकी कशासाठी? उपगटातला सर्वांत लहान शून्येतर सदिश घ्यावा, मग त्याला समांतर नसलेल्यांपैकी सर्वांत लहान घ्यावा, आणि असेच पुढे जावे. प्रतलात ही रीत खरोखरच चालते. त्यामुळे सिद्धता हिच्यावर उभी करता येईल का, हे तपासणे भाग होते.

ती पाच मितींत मोडते. Z⁵ मध्ये, ज्यांचे पाचही निर्देशक एक तर सगळे सम आहेत किंवा सगळे विषम आहेत, अशा सदिशांचा उपगट घ्या. सगळे सम असलेल्यांत (२, ०, ०, ०, ०) सारखे सदिश सर्वांत लहान आहेत, त्यांची लांबी २. सगळे विषम असलेल्यांत (१, १, १, १, १) सर्वांत लहान, पण त्याची लांबी √५, म्हणजे २ पेक्षा थोडी जास्त. लहानात लहान पाच निरवलंबी सदिश निवडले तर पाचही पहिल्या प्रकारचे येतात, आणि त्यांच्या बेरजांतून विषम निर्देशक कधीच मिळत नाही. उपगटाचे अर्धेच बिंदू हाती लागतात. चार मितींत √४ = २ म्हणून बरोबरी होते आणि रीत थोडक्यात निभावते, त्यामुळे लहान उदाहरणांवर तपासून हा दोष सापडत नाही.

लांबी ही भूमितीची गोष्ट आहे, आणि प्रमेयात लांबीचा उल्लेखच नाही. सिद्धतेला लागते ते निर्देशकांची बाकी काढणे एवढेच. ही रीत टिपणात मोडण्याच्या उदाहरणासह ठेवत आहे, कारण ती मोडते हे न सांगितल्यास वाचणारा ती स्वतः शोधून काढेल आणि खरी मानून बसेल.

१२ ऑगस्ट

सिद्धता लिहिली. ८ तारखेची रीत जशीच्या तशी उचलता येत नव्हती, कारण तेथे जनक सदिशांची सान्त यादी आधीच हातात होती. प्रमेय कोणत्याही उपगटाविषयी आहे, आणि त्याला सान्त जनक आहेत हे आपल्याला अजून माहीतच नाही. वजाबाक्या करायच्या तर कोणत्या पंक्तींवर? यावर उपाय म्हणजे युक्लिडच्या पायऱ्या सोडून त्यांचा शेवट तेवढा पकडायचा. वजाबाक्यांनंतर पहिल्या स्तंभात जी लहानात लहान धन संख्या उरते, ती सरळ लहानात लहान म्हणूनच निवडायची.

H हा Zⁿ चा उपगट आहे. ज्यांचे पहिले i − १ निर्देशक शून्य आहेत अशा H मधील सदिशांचा संच Hᵢ म्हणू. H₁ म्हणजे सगळा H, आणि पुढचा प्रत्येक संच आधीच्यात सामावलेला उपगट. Hᵢ मधल्या सदिशांचे i-वे निर्देशक गोळा केले की Z चा एक उपगट मिळतो. Z चा उपगट एक तर फक्त ० असतो, नाही तर त्यात लहानात लहान धन संख्या dᵢ असते. त्यातल्या कोणत्याही संख्येला dᵢ ने भागले की बाकी त्याच उपगटात असते आणि dᵢ पेक्षा लहान असते, म्हणून ती शून्यच असली पाहिजे. अर्थात सगळ्या संख्या dᵢ च्या पटी आहेत. उपगट फक्त ० असेल तेव्हा dᵢ = ० लिहू.

जेथे dᵢ धन आहे तेथे Hᵢ मधला असा एक सदिश hᵢ निवडायचा, ज्याचा i-वा निर्देशक dᵢ आहे. असे निवडलेले सदिश, जे जास्तीत जास्त n आहेत, तेच H चा आधार.

ते H ला पुरतात, कारण H मधला कोणताही सदिश घेतला तर त्याचा पहिला निर्देशक d₁ ची पट असतो. h₁ ची तेवढीच पट वजा केली की उरलेला सदिश H₂ मध्ये येतो. त्याचा दुसरा निर्देशक d₂ ची पट असतो, आता h₂ ची पट वजा करायची. एखाद्या पायरीवर dᵢ = ० असेल तर तो निर्देशक आधीच शून्य आहे, काही न करता पुढे जायचे. n पायऱ्यांनंतर सगळे निर्देशक शून्य होतात, म्हणजे मूळ सदिश hᵢ च्या पूर्णांक पटींची बेरीज होता. आणि ते निरवलंबी आहेत, कारण त्यांच्यात c₁h₁ + c₂h₂ + … = ० असा संबंध असेल आणि cᵢ हा त्यातला पहिला शून्येतर गुणक असेल, तर बेरजेचा i-वा निर्देशक cᵢdᵢ एवढाच येतो. पुढच्या सर्व hⱼ चा i-वा निर्देशक शून्य आहे. cᵢdᵢ शून्य होऊ शकत नाही, म्हणून असा संबंधच नाही.

वर्गात हीच गोष्ट n वर गणिती विगमन करून सांगतात. मी मुद्दाम पायऱ्या उलगडून लिहिल्या, कारण विगमनात आधार कुठून आला ते दिसत नाही, आणि येथे तो प्रत्येक पायरीवर हातात येतो. H ला सान्त जनक आहेत हेही फुकटात मिळाले, ते गृहीत धरावे लागले नाही. रँक एकच ठरते हे एका ओळीत जोडले : आधारात r सदिश असतील तर H ला २H ने भागल्यावर मिळणाऱ्या भागगटात २ʳ घटक असतात, आणि ही संख्या आधाराच्या निवडीवर अवलंबून नाही.

१४ ऑगस्ट

सिद्धता खरोखर जनकांशिवाय चालते का, हे पाहण्यासाठी अटीने दिलेला उपगट घेतला. Z³ मधले ते सर्व (x, y, z), ज्यांच्यासाठी २x + ३y + ४z ला १२ ने भाग जातो. त्याला M म्हणतो.

पहिली पायरी. x ची लहानात लहान धन किंमत १ असू शकते का? त्यासाठी ३y + ४z ला १२ ने भागल्यावर बाकी १० यायला हवी, आणि y = २, z = १ घेतल्यावर ती येते. म्हणून d₁ = १ आणि h₁ = (१, २, १). दुसरी पायरी. x = ० ठेवले की ३y + ४z ला १२ ने भाग जायला हवा. ३ ने भाग जाण्यासाठी z ३ च्या पटीत हवा, आणि ४ ने भाग जाण्यासाठी y ४ च्या पटीत हवा. म्हणून d₂ = ४ आणि h₂ = (०, ४, ०). तिसऱ्या पायरीवर d₃ = ३, h₃ = (०, ०, ३).

तपासायला (७, −२, ४) घेतला. १४ − ६ + १६ = २४, म्हणजे तो M मध्ये आहे. h₁ ची सातपट वजा केली की (०, −१६, −३) उरते, आणि ते −४h₂ − h₃ आहे. कुठेही अपूर्णांक आला नाही. निश्चयक १ × ४ × ३ = १२, आणि अटीत बाकीच्या १२ शक्यता आहेत, तेही जुळले.

येथे एक गोष्ट नीट सांगावी लागेल. h₁ ची निवड एकच नाही. (१, ६, ४) घेतला असता तरी चालले असते. पण dᵢ निर्देशकांच्या दिलेल्या क्रमासाठी ठरलेले आहेत. क्रमच बदलला तर मात्र तेही बदलतात. z आधी, मग y, मग x असे गेलो तर आधार (४, ०, १), (३, २, ०), (६, ०, ०) येतो आणि पायऱ्यांवरचे आकडे १, २, ६ होतात. गुणाकार १२ च राहतो. दोघांनी स्वतंत्रपणे गणित सोडवले आणि आकडे जुळले नाहीत, तर उत्तर चुकले असे लगेच मानू नये. आधी निश्चयक पाहावा, मग एकाच्या आधारातला प्रत्येक सदिश दुसऱ्याच्या आधारात पूर्णांक पटींनी लिहिता येतो का ते पाहावे.

१५ ऑगस्ट

dᵢ = ० ची पायरी अजून एकाही उदाहरणात आली नव्हती, आणि सिद्धता वाचताना तीच घाईत सुटते. म्हणून Z³ मधल्या ६x + १०y + १५z = ० या समीकरणाच्या पूर्णांक उकलींचा उपगट घेतला. १०y + १५z ला ५ ने भाग जातो, म्हणून x ५ च्या पटीत हवा. x = ५ साठी २y + ३z = −६, त्यातून h₁ = (५, −३, ०). x = ० ठेवले की २y + ३z = ०, त्यातून h₂ = (०, ३, −२). x = y = ० ठेवले की z = ० च उरतो. तिसरी पायरी रिकामी राहिली, आधारात दोनच सदिश, रँक २.

नुसते समीकरण पाहून (५, −३, ०), (५, ०, −२) आणि (०, ३, −२) या तीन उकली चटकन सुचतात. येथे पहिला अधिक तिसरा बरोबर दुसरा, म्हणजे संबंधातले गुणक ±१ आहेत, आणि म्हणून येथे एक सदिश वगळून काम भागते. ५ तारखेच्या उदाहरणाशेजारी हे ठेवले की वगळणे कधी चालते आणि कधी चालत नाही हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१७ ऑगस्ट

जनकांची यादी दिली असेल तेव्हा हात दुखेपर्यंत वजाबाक्या करण्याची गरज पडू नये म्हणून छोटा पायथन प्रोग्राम लिहिला.

```python
def payrya(rows, n):
    rows = [list(r) for r in rows]
    basis = []
    for c in range(n):
        while True:
            nz = [r for r in rows if r[c] != 0]
            if len(nz) <= 1:
                break
            p = min(nz, key=lambda r: abs(r[c]))
            for r in rows:
                if r is not p:
                    q = r[c] // p[c]
                    for j in range(n):
                        r[j] -= q * p[j]
        if nz:
            basis.append(nz[0])
            rows = [r for r in rows if r is not nz[0]]
    return basis

print(payrya([(6, 2), (10, 5), (15, 0)], 2))
```

उत्तर `[[1, 7], [0, 5]]` येते, हाताने आले होते तेच. `if nz` ही ओळ म्हणजे dᵢ = ० ची रिकामी पायरी. ती नसेल तर कमी रँकच्या उपगटावर प्रोग्राम मध्येच थांबतो.

सर्वांत जास्त जपायची जागा `//` ही आहे. तेथे `/` पडले तर प्रोग्राम कुरकुर न करता चालतो आणि ७ तारखेचे अपूर्णांकांचे लोपन करून मोकळा होतो. `int(a / b)` हा मधला मार्ग लहान आकड्यांवर बरोबर दिसतो, पण २⁵³ च्या पुढे दशांश भागाकार नेमका राहत नाही आणि भागफळ चुकू शकते. सदिश जास्त आणि मिती मोठ्या असल्या की मधले आकडे दिलेल्या आकड्यांपेक्षा कितीतरी मोठे होतात, म्हणून ही भीती काल्पनिक नाही. पायथनचे पूर्णांक कितीही मोठे होऊ शकतात, फक्त त्यांना पूर्णांकच राहू द्यावे.

१९ ऑगस्ट

टिपणाच्या शेवटी दोन परिच्छेद जोडले. पहिला प्रमेयाच्या पुढच्या पायरीविषयी. M चा आधार मिळाला, पण तो Z³ च्या मूळ आधाराशी जुळलेला नाही, (१, २, १) हा कोणत्याही अक्षाची पट नाही. Z³ चाच आधार बदलला तर मात्र जुळणी होते. f₁ = (२, ०, −१), f₂ = (−३, २, ०), f₃ = (−१, १, ०) यांचा निश्चयक १ आहे, म्हणून ते Z³ चा आधार आहेत. f₁ आणि f₂ साठी २x + ३y + ४z = ० आहे आणि f₃ साठी ते १ आहे. म्हणून f₁, f₂ आणि १२f₃ हा M चा आधार. असे नेहमीच करता येते, हे हेन्री स्मिथ यांनी १८६१ मध्ये दाखवले. मुक्त असणे सिद्ध करायला एवढे लागत नाही, म्हणून त्याची सिद्धता येथे घेतली नाही.

दुसरा परिच्छेद मर्यादेविषयी. गुणक Z मधले आहेत हे संपूर्ण सिद्धतेत एकाच जागी वापरले आहे : लहानात लहान धन संख्या घेऊन बाकी काढताना. पूर्णांक सहगुणकांच्या एका चलातील बहुपदींना, म्हणजे Z[x] ला, गुणक म्हणून घेतले तर तीच जागा सुटते. ज्यांचे स्थिरपद सम आहे अशा बहुपदींचा संच पाहा. त्यात २ आणि x दोन्ही आहेत, आणि दोघेही ज्या एकाच बहुपदीच्या पटी होतील ती ±१ च असू शकते, पण ±१ या संचात नाही. म्हणून एका घटकाचा आधार मिळत नाही. दोन किंवा अधिक घटकांचाही मिळत नाही, कारण p आणि q या कोणत्याही दोन शून्येतर बहुपदींमध्ये q·p − p·q = ० हा संबंध असतोच. रँक १ असूनही पहिल्याच पायरीवर d₁ निवडता येत नाही.

टिपणाची प्रत छपाईला दिली. आलेखकागदावरची आकृती वेगळ्या पानावर ठेवली आहे आणि तिच्यातले २० बिंदू मुद्दाम रिकामे सोडले आहेत, विद्यार्थ्यांनी ते स्वतः भरावेत.